लोकलमध्ये फोन चोरीला गेल्यास : सिम बंद करण्यापासून आयएमईआय ब्लॉक होईपर्यंत

चोरलेल्या फोनचे पैसे चोर दोन प्रकारे करतो. फोनचा सांगाडा विकून जे मिळते ते तुलनेने किरकोळ असते. त्यातले सिम चालू असेल आणि ते दुसऱ्या एखाद्या साध्या हँडसेटमध्ये घालून ओटीपी मिळवता आले, तर मात्र बँक खात्यापर्यंत वाट मोकळी होते. त्यामुळे चोरीनंतर काय करायचे याइतकेच ते कोणत्या क्रमाने करायचे हे महत्त्वाचे असते. हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, ब्लॉक करण्याचे काम दुसऱ्या दिवशी केले तरी फारसे बिघडत नाही, पण सिम बंद करायला घरी पोहोचेपर्यंत थांबणे महागात पडू शकते. पुढचे विवेचन मुंबईत सर्वाधिक घडणाऱ्या प्रकाराला, म्हणजे लोकलच्या गर्दीत झालेल्या चोरीला धरून केले आहे. रस्त्यावर, बसमध्ये किंवा बाजारात चोरी झाली, तर फक्त पोलीस ठाणे बदलते.

समजा, मेघना परळला नोकरी करते आणि डोंबिवलीला राहते. संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास दादरला ती जलद लोकलच्या महिला डब्यात चढली. कुर्ला मागे पडल्यावर पर्सची चेन उघडी दिसली आणि फोन नव्हता. फोनमध्ये दोन सिम होती, एक तिच्या नावावरचे आणि दुसरे वडिलांच्या नावावरचे. मागच्या कव्हरमध्ये, पुष्कळांना सवय असते त्याप्रमाणे, बँकेचे डेबिट कार्ड ठेवलेले होते.

पहिली काही मिनिटे : सिम

मेघनाने प्रथम शेजारच्या प्रवासी महिलेचा फोन मागून आपल्या नंबरवर एकदा रिंग द्यावी. फोन पर्सच्या तळाशीच असेल तर तिथल्या तिथे कळेल. फोन बंद लागत असेल किंवा रिंग वाजून कट होत असेल, तर वेळ न दवडता मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन करावा. १९८ हा तक्रारीचा क्रमांक त्याच कंपनीच्या सिमवरून लावायचा असतो, म्हणून डब्यात ‘तुमचे सिम कोणत्या कंपनीचे’ असे विचारण्यात संकोच करू नये. तशी सोय झाली नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेला, कोणत्याही फोनवरून लागणारा क्रमांक वापरावा.

केंद्रातील प्रतिनिधी ओळख पटवण्यासाठी प्रश्न विचारतो. सिम कोणाच्या नावावर आहे, जन्मतारीख काय, पत्ता काय, शेवटचे रिचार्ज कितीचे आणि केव्हा केले, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असतात. सिम वडिलांच्या किंवा पतीच्या नावावर असल्यास बहुतेक वेळा इथेच अडते, कारण त्यांची जन्मतारीख ऐनवेळी आठवत नाही. अशा वेळी प्रतिनिधीशी वाद घालत बसण्यापेक्षा ज्याच्या नावावर सिम आहे त्यालाच फोन करायला सांगावे. मेघनाने आपला नंबर स्वतः बंद करून घ्यावा आणि दुसऱ्या नंबरसाठी वडिलांना कळवावे. दोन सिम असलेल्या फोनच्या बाबतीत नेहमी घडणारी चूक म्हणजे रोजच्या वापरातला नंबर बंद केला जातो आणि बँकेला जोडलेला दुसरा नंबर रात्रभर चालू राहतो. बोलणे संपवण्यापूर्वी तक्रार क्रमांक विचारून घ्यावा, आणि पाच-दहा मिनिटांनी स्वतःच्या नंबरवर पुन्हा रिंग देऊन तो खरोखर बंद झाला आहे याची खात्री करावी.

फोनला पॅटर्न किंवा बोटाच्या ठशाचे कुलूप आहे, मग सिमची घाई कशाला, असे काहींना वाटते. ते कुलूप हँडसेटला असते, सिमला नसते. सिम ट्रेमधून काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की त्यावर येणारे सगळे संदेश कोणालाही वाचता येतात. ज्यांनी आधीच सेटिंगमध्ये जाऊन सिमला वेगळा पिन लावलेला आहे त्यांच्या बाबतीत असे होत नाही, कारण दुसऱ्या फोनमध्येही तो पिन विचारला जातो आणि तीनदा चुकला की सिम अडते. मुंबईत रोज लोकलने जाणाऱ्या प्रत्येकाने हा पिन लावावा असे माझे मत आहे, मात्र फोन चोरीला गेल्यानंतर त्याचा विचार करून उपयोग नाही. ई-सिम काढता येत नसल्याने तेवढा धोका कमी होतो. तरीही फोन लॉक असताना स्क्रीनवरच ओटीपी झळकत असेल तर ई-सिमही बंद करून घेणेच बरे.

सिम बंद केले तर फोनचे इंटरनेट तुटेल आणि मग तो शोधता किंवा दुरून लॉक करता येणार नाही, ही शंका रास्त आहे. पण सराईत चोर फोन हाती येताच तो बंद करतो किंवा सिम बाहेर काढतो, त्यामुळे ही संधी बहुतेक वेळा तशीही गेलेली असते. शेजारच्या फोनवर ब्राउझर लगेच उघडता येत असेल तर अँड्रॉइडसाठी android.com/find आणि आयफोनसाठी icloud.com/find येथे एक प्रयत्न जरूर करावा. गुगल खात्याला दुहेरी पडताळणी असल्यास कोड त्याच चोरलेल्या फोनवर जातो आणि लॉगिन अडकते. त्यात गुंतून न राहता सिमकडे वळावे आणि घरी पोहोचल्यावर लॅपटॉपवरून पुन्हा प्रयत्न करावा. लॉक करण्याची आज्ञा वाया जात नाही. फोन पुढे कधीही, अगदी एखाद्याच्या वायफायवरून का होईना, इंटरनेटला जोडला गेला की ती लागू होते. फोनमधील माहिती पुसून टाकण्याची आज्ञा मात्र सर्वांत शेवटी द्यावी, कारण त्यानंतर अँड्रॉइड फोनचे ठिकाण दिसणे थांबते. आयफोन आपल्या खात्यातून काढून टाकण्याची चूक कोणीही करू नये. तसे केल्यास त्याचे सक्रियतेचे कुलूप उघडते आणि चोराला विकण्याजोगा फोन आयता मिळतो.

बँक, त्याच संध्याकाळी

सिमनंतर बँकेचा क्रमांक लागतो. मेघनाचे डेबिट कार्ड फोनसोबतच गेले आहे आणि ही बाब गंभीर आहे, कारण नवा यूपीआय पिन तयार करण्यासाठी साधारणपणे कार्डाचे शेवटचे सहा अंक, त्याची मुदत आणि नोंदणीकृत नंबरवर आलेला ओटीपी एवढेच लागते. कार्ड आणि चालू सिम दोन्ही एकाच माणसाच्या हाती असतील तर पिन माहीत नसण्याचे संरक्षण उरत नाही. कार्डाचा फोटो गॅलरीत असला आणि फोन उघड्या स्थितीत हिसकावला गेला, तरी धोका तोच. म्हणून बँकेच्या टोल-फ्री क्रमांकावर कार्ड, यूपीआय आणि मोबाइल बँकिंग या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगून बंद करून घ्याव्यात. ‘फोन चोरीला गेला’ एवढेच सांगितले तर पुष्कळदा फक्त कार्ड बंद केले जाते.

यानंतर कोणत्याही शाखेतून, पासबुकातून किंवा संगणकावरील नेट बँकिंगमधून खात्यातील शेवटचे व्यवहार पाहावेत. पैसे गेल्याचा संदेश चोरलेल्या नंबरवर जात असल्यामुळे आपल्याला तो दिसणार नाही, हे इथे विसरता कामा नये. अनोळखी व्यवहार दिसल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार द्यावी. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोहोचली तर ते तिथेच गोठवता येण्याची शक्यता असते. बँकेलाही स्वतंत्रपणे लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर नुकसानीचा भार येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसादरम्यान कळवल्यास ठरावीक मर्यादेपर्यंत भार येतो. पिन कार्डावरच लिहून ठेवला होता असे निघाले तर तो निष्काळजीपणा ठरतो आणि कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकालाच सोसावे लागते.

पोलीस ठाणे : ‘गहाळ’ की ‘चोरी’

या सबंध प्रक्रियेत मुंबईकर सर्वाधिक फसतात ते इथे, म्हणून हा भाग जरा सविस्तर पाहू.

लोकलमध्ये किंवा फलाटावर झालेली चोरी लोहमार्ग पोलिसांकडे नोंदवायची असते. खाकी गणवेशातील रेल्वे सुरक्षा दलाचे जवान स्थानकावर अधिक दिसतात आणि तातडीची मदतही करतात, परंतु प्रवाशाच्या वस्तूच्या चोरीचा गुन्हा लोहमार्ग पोलीस ठाण्यातच दाखल होतो. त्यांचा मदत क्रमांक १५१२ आहे. मेघनाचा फोन दादर ते कुर्ला दरम्यान गेला असला तरी तिने तक्रारीसाठी उलट्या दिशेने गाडी पकडून परत जाण्याची गरज नाही. ठाणे किंवा डोंबिवलीच्या लोहमार्ग पोलीस ठाण्यात ती तक्रार देऊ शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी त्याची खबर नोंदवून घ्यावी लागते. अशा वेळी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो संबंधित ठाण्याकडे वर्ग केला जातो. ‘आमच्या हद्दीत नाही, कुर्ल्याला जा’ हे उत्तर आजही ऐकू येते. तसे झाले तर आवाज न चढवता ‘शून्य क्रमांकाने नोंद करावी’ एवढीच लेखी विनंती ठाणे अंमलदाराकडे द्यावी.

आता खरा मुद्दा. तक्रारीची नोंद दोन प्रकारे होऊ शकते. एक म्हणजे वस्तू गहाळ झाल्याची नोंद, जिचा दाखला हातोहात मिळतो. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर अशी नोंद ऑनलाइनही करता येते. दुसरी म्हणजे चोरीचा गुन्हा, अर्थात एफआयआर. गहाळच्या नोंदीत गुन्हा घडल्याचे कोणी म्हटलेलेच नसते, त्यामुळे तपास अधिकारी नेमला जात नाही आणि स्थानकावरील सीसीटीव्ही चित्रण पाहण्याचे कारणही उरत नाही. फोनचा विमा असेल तर विमा कंपनी सहसा चोरीचा एफआयआर मागते आणि गहाळच्या दाखल्यावर दावा फेटाळला जातो. ‘मॅडम, गहाळ लिहा, लवकर काम होईल’ हा सल्ला सिम आणि आयएमईआयपुरता खोटा नाही, कारण त्या दोन्ही कामांना गहाळचा दाखलाही चालतो. परंतु पर्सची चेन उघडलेली सापडली असताना फोन ‘हरवला’ असे सही करून देणे म्हणजे स्वतःच्याच हाताने तक्रारीचा पाया काढून घेणे आहे. फोन खरोखर कुठेतरी विसरला असेल तरच गहाळची नोंद करावी.

चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली येते. दारात उभ्या प्रवाशाच्या हातावर फटका मारून किंवा झटक्यात फोन ओढून नेला असेल, तर ते साधे चोरीचे प्रकरण राहत नाही. हिसकावून नेण्यासाठी कलम ३०४ हे स्वतंत्र कलम आहे आणि दुखापत झाली असल्यास त्याहूनही गंभीर कलम लागू शकते. त्यामुळे हाताला मार लागला असेल तर तो लहान वाटला तरी जबाबात सांगावा आणि वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

तक्रारीत नेमकेपणा असावा. ‘प्रवासात फोन चोरीला गेला’ या वाक्यातून तपास करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मेघनाच्या तक्रारीतील मजकूर साधारण असा असावा : ‘मी अमुक तारखेस सायंकाळी ७.१५ च्या सुमारास दादर स्थानकातून कल्याणच्या दिशेने जाणाऱ्या जलद लोकलच्या मधल्या महिला डब्यात चढले. चढताना फोन पर्समध्ये होता, कारण फलाटावर मी वेळ पाहिली होती. कुर्ला स्थानक सुटल्यावर पर्सची चेन उघडी दिसली व फोन मिळून आला नाही. माझ्या संमतीशिवाय कोणीतरी तो लबाडीने चोरून नेला आहे.’ यापुढे कंपनी, मॉडेल, रंग, दोन्ही आयएमईआय क्रमांक, दोन्ही मोबाइल क्रमांक आणि खरेदीची किंमत लिहावी. सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून कोणत्या जिन्याने आणि कोणत्या फलाटावर आलो हेही सांगून ते जतन करण्याची विनंती त्याच अर्जात करावी. एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते आणि ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये. गुन्हा नोंदवण्यास नकारच मिळाला तर तक्रारीचा मजकूर टपालाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवण्याची तरतूद त्याच कलम १७३ मध्ये आहे.

आयएमईआय सापडत नसेल तर

आयएमईआय हा हँडसेटचा पंधरा अंकी क्रमांक असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. फोन हातात असताना *#06# डायल केले की ते दिसतात, पण आता फोनच नाही. ते खोक्यावरील चिकटपट्टीवर छापलेले असतात आणि बहुतेक दुकानदार बिलावरही लिहितात. खोके रद्दीत गेले असेल तर गुगल खात्याच्या android.com/find या पानावर फोनच्या नावापाशी असलेल्या माहितीच्या चिन्हात, किंवा आयफोनच्या बाबतीत account.apple.com येथील उपकरणांच्या यादीत तो क्रमांक मिळतो. फोन हप्त्यांवर घेतला असेल तर कर्जाच्या कागदांवरही तो बहुधा असतो. बिल हरवले असल्यास दुकानदाराकडून दुसरी प्रत घ्यावी. ऑनलाइन खरेदी असेल तर जुन्या ऑर्डरमधून ते डाउनलोड होते.

क्रमांक उतरवताना एक अंक जरी चुकला, तरी अर्ज एकतर नाकारला जातो किंवा तपास भलत्याच फोनच्या मागे जातो. तक्रारीत आणि ऑनलाइन अर्जात क्रमांक जुळले पाहिजेत, म्हणून ठाण्यात जाण्यापूर्वीच तो कोणाकडून तरी वाचून घेऊन ताडून पाहावा.

आयएमईआय ब्लॉक करण्याचा अर्ज

दूरसंचार विभागाची सीईआयआर ही यंत्रणा सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली आणि मे २०२३ पासून ती संचार साथी या पोर्टलद्वारे देशभर उपलब्ध आहे. sancharsaathi.gov.in वरून किंवा थेट ceir.gov.in वर जाऊन चोरीला गेलेला फोन ब्लॉक करण्याचा पर्याय निवडावा. अर्जाचे तीन भाग असतात. पहिल्या भागात फोनमधील मोबाइल क्रमांक, आयएमईआय, कंपनी, मॉडेल आणि बिल, दुसऱ्यात चोरीचे ठिकाण, तारीख, राज्य, जिल्हा, पोलीस ठाणे, तक्रार क्रमांक आणि तक्रारीची प्रत, तर तिसऱ्यात मालकाचे नाव, पत्ता आणि ओळखपत्र द्यावे लागते. दोन्ही आयएमईआय भरावेत. एकच भरला तर दुसऱ्या सिमच्या जागेतून फोन चालूच राहतो. पोलीस ठाण्याच्या यादीत लोहमार्गचे ठाणे कोणत्या जिल्ह्याखाली निवडायचे, हे तक्रार देतानाच विचारून ठेवलेले बरे. काही ठाण्यांमध्ये कर्मचारी हा अर्ज स्वतःच भरून देतात. तसे झाले असेल तर आपण पुन्हा भरू नये, कारण त्याच आयएमईआयवर दुसरी विनंती स्वीकारली जात नाही.

अर्जाच्या शेवटी ओटीपीसाठी मोबाइल क्रमांक द्यावा लागतो आणि इथेच अनेकांचे काम एक दिवस लांबते. त्याचे कारण असे की नवे सिम घेतल्यावर पहिले चोवीस तास त्यावर संदेश येत-जात नाहीत. कोणी दुसऱ्याने आपल्या नावाचे सिम काढून ओटीपी पळवू नये, यासाठी दूरसंचार विभागाने घातलेले हे बंधन आहे. म्हणून मेघनाने दुसऱ्या दिवशी सकाळी आधार कार्ड घेऊन कंपनीच्या गॅलरीत जावे, त्याच नंबरचे नवे सिम घ्यावे, पण अर्जात ओटीपीसाठी नवऱ्याचा किंवा भावाचा नंबर द्यावा. वडिलांच्या नावावरील सिमसाठी गॅलरीत वडिलांनाच जावे लागेल. संदेश सुरू होईपर्यंत व्हॉट्सअॅप फोन कॉलवरून पडताळणी करून नव्या फोनवर सुरू करता येते, आणि ते सुरू होताच जुन्या फोनवरील आपोआप बंद होते.

अर्ज स्वीकारला गेला की Request ID मिळतो. तो तत्काळ कागदावर लिहून ठेवावा, कारण पुढची स्थिती पाहणे आणि फोन मिळाल्यावर तो मोकळा करून घेणे ही दोन्ही कामे त्याच क्रमांकावर होतात. साधारण चोवीस तासांत फोन देशातील सर्व मोबाइल जाळ्यांवर बंद होतो. ब्लॉक केल्यामुळे पोलिसांचा शोध थांबतो असा एक गैरसमज आहे, प्रत्यक्षात तसे होत नाही. ब्लॉक केलेल्या फोनमध्ये कोणी सिम घातले की त्याची नोंद होते आणि ती माहिती संबंधित पोलीस ठाण्याला मिळते.

या यंत्रणेला मर्यादाही आहेत. ब्लॉक केलेला फोन वायफायवर चालतो, देशाबाहेर गेला तर तिथे चालू शकतो, आणि सुटे भाग करून विकला तर त्याचा मागच लागत नाही. काही टोळ्या आयएमईआयच बदलतात. दूरसंचार अधिनियम २०२३ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे, तरीही तो प्रकार घडतो.

फोनचा पत्ता लागल्यावर

काही आठवड्यांनी नव्या सिमवर ‘तुमचा फोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी लिंक उघडा’ असा संदेश आला तर तो चोराच्या बाजूने आलेला असण्याचीच शक्यता अधिक, विशेषतः फोन आयफोन असेल तर. त्या लिंकवर खात्याचा पासवर्ड टाकला की फोनचे कुलूप आपणच उघडून दिल्यासारखे होते. पोलीस असल्याचे सांगून कोणी फोन पाठवण्यासाठी पैसे किंवा ओटीपी मागितला, तर आपल्या तपास अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय काहीही देऊ नये. फोन वापरणाऱ्याचा पत्ता मिळाला तरी स्वतः तिथे जाऊ नये. तो मनुष्य अनेकदा चोर नसून कुठल्या तरी बाजारातून बिलाविना फोन घेतलेला ग्राहक असतो.

एफआयआरमधील फोन पोलिसांनी जप्त केला असेल तर तो मुद्देमाल ठरतो आणि सहसा न्यायालयाच्या आदेशानंतरच परत मिळतो. त्यासाठी बिल, ओळखपत्र आणि एफआयआरची प्रत लागते. फोन न्यायालयाने मागितल्यास पुन्हा हजर करू, अशा आशयाचे बंधपत्रही लिहून द्यावे लागते. ताबा मिळाल्यानंतर त्याच पोर्टलवर Request ID, ओटीपीसाठीचा मोबाइल क्रमांक आणि कारण देऊन ब्लॉक काढण्याची विनंती करावी. हे करण्यापूर्वी सिम घातले तर फोनवर नेटवर्क येत नाही आणि फोन बिघडल्याचा समज होऊन लोक तो दुरुस्तीला नेतात.